अन्ननलिकेतले चार सेंटिमीटर

आमच्या निपाणी भागात छातीत जळजळ झाली, करपट ढेकर आले किंवा रात्री आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी आले, की त्या सगळ्याला 'पित्त' हा एकच शब्द आहे. मलाही तेरा-चौदा वर्षे 'पित्त'च होत होते. मराठी शाळेतली नोकरी, शिकवण्या आटोपून रात्री दहा वाजता जेवण, ताटात संकेश्वरी मिरचीचा ठेचा, आणि जेवल्यावर अर्ध्या तासात अंथरूण, असा माझा क्रम होता. त्रास झाला की औषधांच्या दुकानातून पॅन्टोप्राझोलची पट्टी आणायची, चार दिवस जेवणानंतर गोळी घ्यायची आणि बरे वाटले की पट्टी कपाटात ठेवायची. निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत जळजळ बरीच कमी झाली, तेव्हा शरीराने स्वतःच जुळवून घेतले असे मला वाटले. आता मला कळते की अन्ननलिकेचे बदललेले अस्तर मूळ अस्तरापेक्षा आम्लाला कमी दाद देते, त्यामुळे त्रास कमी होणे हे रोग बरा झाल्याचे लक्षण असतेच असे नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पत्नीच्या आग्रहाने मी पहिली दुर्बीण तपासणी करून घेतली. ती कुठे केली हे सांगण्याची गरज नाही. तपासणी पाच-सहा मिनिटांत झाली. हाती आलेल्या कागदावर तीन गोष्टी होत्या: अन्ननलिकेच्या खालच्या भागात मध्यम स्वरूपाची सूज व ओरखडे, 'बॅरेट असण्याची शक्यता', आणि 'तुकडा तपासणीसाठी घेतला'. आठवड्याने तुकड्याचा अहवाल आला. त्यात आतड्यासारख्या पेशींचा बदल, म्हणजे इंटेस्टायनल मेटाप्लेझिया, असल्याचे लिहिले होते आणि पुढे 'डिसप्लेझियाबाबत अनिश्चित' असे शब्द होते. तोंडी सल्ला असा मिळाला की हे कर्करोगाच्या आधीचे लक्षण आहे, दरवर्षी दुर्बीण करावी लागेल. घरी येऊन मी तो कागद कपाटात ठेवला आणि त्या रात्री कोणालाही काही सांगितले नाही.

दहा दिवसांनी मुलाने मला बेळगावला पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. तवंदी घाट ओलांडून बस संकेश्वरकडे जाताना मी मनात एकच प्रश्न घोळवत होतो, की दरवर्षी म्हणजे किती वर्षे. डॉक्टरांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि मला विचारले, "गुरुजी, हा बदललेला पट्टा किती लांब आहे हे तुम्हाला कोणी सांगितले का?" मी नाही म्हणालो. "कागदावरही नाही. तुकडा नेमका कोणत्या उंचीवरून घेतला, किती तुकडे घेतले, हेही नाही. आणि सूज असताना घेतलेला आहे. एवढ्या माहितीवर एक वर्ष, तीन वर्षे की पाच वर्षे, यातले काहीच ठरवता येत नाही."

पुढच्या तीन महिन्यांत जे घडले त्याचे मूळ या बोलण्यात होते, म्हणून ते मला समजले तसे थोडे विस्ताराने लिहितो.

अन्ननलिकेच्या आतील अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते आणि ते फिकट गुलाबी-पांढरे दिसते. जठराचे अस्तर एकेरी, उभ्या पेशींचे आणि लालसर केशरी असते. या दोन रंगांची सीमा निरोगी माणसात जठर जिथे सुरू होते तिथेच असते. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिले की खालच्या टोकाचे चपटे अस्तर जळते, आणि ते पुन्हा भरून येताना काही माणसांत त्याच्या जागी आम्ल सोसू शकेल असे उभ्या पेशींचे अस्तर येते. त्यात आतड्यात असतात तशा, चिकट द्रवाने फुगलेल्या प्याल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी दिसल्या की त्याला इंटेस्टायनल मेटाप्लेझिया म्हणतात. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1950 मध्ये अशा अन्ननलिकेबद्दल लिहिले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. गंमत नव्हे पण लक्षात ठेवावे असे हे, की त्या वेळी बॅरेटला स्वतःला हा भाग छातीत ओढले गेलेले जठरच वाटला होता, आणि आपले मत त्याने काही वर्षांनी बदलले.

हीच गल्लत आजही तुकडा घेताना होऊ शकते. जठराच्या अगदी तोंडाशीही गॉब्लेट पेशी सापडतात, तिथे त्यांचे कारण बहुधा जठरातील जिवाणूंचा संसर्ग असते आणि त्या बदलाचा अर्थ वेगळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तुकडे सारखेच दिसू शकतात. म्हणून 'मेटाप्लेझिया' या एकट्या शब्दावरून बॅरेटचे निदान होत नाही. लाल अस्तर जठराच्या वरच्या टोकापासून निदान एक सेंटिमीटर वर चढलेले दुर्बिणीतून दिसले पाहिजे आणि त्याच भागातल्या तुकड्यात तो बदल सापडला पाहिजे. माझ्या पहिल्या अहवालात दुसरी अट होती, पहिलीचा पुरावा नव्हता.

'अनिश्चित' या शब्दाचे स्पष्टीकरण मला जास्त दिलासा देणारे होते. डिसप्लेझिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडणे, कर्करोगाच्या दिशेने पडलेले पाऊल. परंतु जखम भरून येत असतानाही पेशी घाईने वाढतात, त्यांची केंद्रके मोठी व गडद होतात, आणि चित्र डिसप्लेझियासारखेच दिसू लागते. जखमेमुळे झालेला बदल असेल तर खोल भागातल्या बिघडलेल्या वाटणाऱ्या पेशी पृष्ठभागाकडे येताना शांत, नीटनेटक्या होत जातात. खरा डिसप्लेझिया बहुधा पृष्ठभागापर्यंत तसाच राहतो. माझा तुकडा लहान होता आणि त्याचा पृष्ठभागच खरवडला गेला होता, त्यामुळे ज्यावरून फरक ओळखायचा तेच नव्हते. तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने 'अनिश्चित' लिहिले हे प्रामाणिकपणाचे होते. चूक त्याआधी झाली होती. आग धुमसत असतानाच घराची पाहणी करायला कोणी गेले होते.

म्हणून ठरले ते असे. पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा जेवणाच्या अर्धा तास आधी, सलग दहा आठवडे. गोळी जेवणाआधी का, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते: जठरातील आम्ल तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि हे औषध जाग्या पंपांनाच बंद करते, म्हणून ते जेवणाच्या आधी रक्तात पोचलेले असावे लागते. रात्रीचे जेवण साडेसातला आणले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच केली, कारण नुसत्या उशा वाढवल्या की मान वाकते आणि पोट दाबले जाते. ठेचा मी सोडला नाही, फक्त रात्रीच्या ताटातून काढला.

दरम्यान मुलाने पहिल्या प्रयोगशाळेत अर्ज देऊन तुकड्याची स्लाइड आणि मेणात बसवलेला मूळ ठोकळा मागून घेतला. आपल्याकडे बहुतेकांना हे माहीत नसते की कागदी अहवालाबरोबरच तुकडाही मागता येतो आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतो. पचनमार्गाच्या तुकड्यांचा रोजचा सराव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने तो पाहिला. त्यांचेही मत 'अनिश्चित, सूज उतरल्यावर पुन्हा पाहावे' असेच पडले. हे दुसरे मत केवळ मनाच्या समाधानासाठी नसते. डिसप्लेझियाबाबत दोन अनुभवी डोळ्यांमध्येही मतभेद होतात, आणि पहिल्या अहवालात सौम्य डिसप्लेझिया म्हटलेले अनेक रुग्ण तज्ज्ञाच्या फेरतपासणीत डिसप्लेझिया नसलेले ठरतात.

दुसरी तपासणी मे महिन्यात झाली. आदल्या आठवड्यात मी गोळ्या बंद करायच्या का असे फोनवर विचारले, कारण शेजारच्या एकाला जठरातील जिवाणूंच्या तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवायला सांगितले होते. इथे ते उलट होते. गोळ्या तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत चालूच ठेवायच्या होत्या, नाहीतर दहा आठवड्यांत शांत झालेले अस्तर पुन्हा सुजले असते. आदल्या रात्री हलके जेवून उपाशीपोटी गेलो. घशावर बधिर करणारा फवारा मारला आणि शिरेतून झोपेचे औषध दिले. पहिल्या वेळी मी जागा होतो, उमासे येत होते, आणि त्या हालचालीत निवांत पाहणे कोणालाच शक्य नसते.

तपासणीनंतर शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पडद्यावरची छायाचित्रे दाखवून सगळे समजावले. आधी पाणी आणि फेस घालवणारे औषध सोडून अस्तर स्वच्छ धुतले होते. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि अंतर वरच्या पुढच्या दातांपासून मोजतात. माझ्या बाबतीत जठराच्या घड्यांचे वरचे टोक 38 सेंटिमीटरवर होते. तिथून लाल अस्तर सर्व बाजूंनी 37 पर्यंत चढले होते, आणि त्याच्या पुढे दोन लालसर जिभा फिकट अस्तरात घुसल्यासारख्या वर गेल्या होत्या, त्यातली लांब 34 पर्यंत. म्हणजे पूर्ण घेराची लांबी एक सेंटिमीटर आणि सर्वांत लांब जिभेची चार. या मोजणीला प्राग पद्धत म्हणतात आणि ती कागदावर C1M4 अशी लिहितात.

यात चूक होण्याची जागा कोणती, हेही त्यांनी दाखवले. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा माझ्यात 40 सेंटिमीटरवर जठराला चिमटत होता, म्हणजे जठराचा दोन सेंटिमीटर भाग पडद्यातून छातीत सरकला होता. यालाच हायटस हर्निया म्हणतात. कोणी पडद्याच्या चिमट्यापासून मोजले असते, तर माझा चार सेंटिमीटरचा पट्टा सहाचा झाला असता आणि निरोगी जठराचे अस्तरही बॅरेट म्हणून नोंदले गेले असते. म्हणून मोजायचे ते नेहमी घड्यांच्या टोकापासून. त्यातही हवा फार भरली तर घड्या सपाट होतात आणि टोक दिसेनासे होते, म्हणून ती थोडी काढून घेऊन मोजतात.

मोजल्यावर त्यांनी साध्या प्रकाशात आणि मग निळसर-हिरवट प्रकाशात प्रत्येक सेंटिमीटरला किमान एक मिनिट दिले. त्या प्रकाशात वरवरच्या रक्तवाहिन्या व अस्तराची नक्षी उठून दिसते आणि जिथे नक्षी मोडलेली असते तिथे संशय घेतात. गाठ, खड्डा किंवा रंग बदललेली जागा दिसली असती तर तिचा तुकडा सर्वांत आधी आणि वेगळ्या बाटलीत गेला असता. माझ्यात तसे काही नव्हते. मग ठरलेल्या पद्धतीने तुकडे घेतले: दर दोन सेंटिमीटरला, घेराच्या चार बाजूंनी चार. 37 वर चार, आणि 35 वर जिथे लाल अस्तर फक्त जिभांपुरते होते तिथे त्या जिभांमधून चार, असे आठ. 37 ची बाटली वेगळी, 35 ची वेगळी, प्रत्येकीवर अंतर लिहिलेले. उद्या 35 च्या बाटलीत काही निघालेच, तर पुढच्या वेळी नेमके कुठे जायचे ते कळावे यासाठी. याला सिएटल पद्धत म्हणतात. आधीच्या तपासणीत डिसप्लेझिया ठरला असता, तर हे तुकडे दर एका सेंटिमीटरला घेतले असते.

अकरा दिवसांनी अहवाल आला. दोन्ही पातळ्यांवर गॉब्लेट पेशी, सूज नगण्य, डिसप्लेझिया नाही. दोन्ही पॅथॉलॉजिस्टचे मत एक.

त्या दिवशी बेळगावला पत्नीही बरोबर होती. तिने माझ्याही मनात असलेला प्रश्न विचारला. "डॉक्टर, एवढा धोका आहे तर ते अस्तर आत्ताच जाळून का टाकत नाही? तशी सोय आहे म्हणतात." डॉक्टर म्हणाले, "आहे, वहिनी. रेडिओलहरींच्या उष्णतेने वरचा थर जाळता येतो, आणि गाठ असेल तर ती दुर्बिणीतूनच कापून काढता येते. पण ते डिसप्लेझिया ठरलेल्यांसाठी. गुरुजींसारख्या हजार जणांमध्ये वर्षाला कर्करोग होतो तो पाचांहून कमी लोकांना. जाळल्यावर अन्ननलिका आकसून घास अडकू शकतो, कधी बदललेले अस्तर नव्या अस्तराखाली राहून जाते, आणि एवढे करूनही दुर्बीण तपासण्या चुकत नाहीत. म्हणून आज जाळण्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा त्रास जास्त." उद्या सौम्य डिसप्लेझिया दोन पॅथॉलॉजिस्टनी कायम केला, तर जाळणे किंवा सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी व नंतर दरवर्षी पाहणे, हे पर्याय समोर ठेवले जातील, तीव्र डिसप्लेझिया निघाला तर मात्र उपचारच करावा लागेल, असेही त्यांनी सांगितले.

मग तारीख. डिसप्लेझिया नसेल तर दोन तपासण्यांमधले अंतर पट्ट्याच्या लांबीवरून ठरते: एक ते तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर पाच वर्षे, तीन किंवा अधिक असेल तर तीन वर्षे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे आणि युरोपातील 2023 ची, दहा सेंटिमीटरपेक्षा लहान पट्ट्यांसाठी दोन्ही यावर सहमत आहेत. माझी सर्वांत लांब जीभ चार सेंटिमीटरची, म्हणून तीन वर्षे: मे 2027. पहिल्या कागदावरचे 'अनिश्चित' चांगल्या तपासणीने निकालात निघाल्यामुळे ते आता या हिशेबात धरायचे नव्हते. दरवर्षीचा सल्ला पाळला असता, तर याच तीन वर्षांत तीनदा दुर्बीण झाली असती. आणि ती जर पहिल्यासारखीच पाच मिनिटांची, एका तुकड्याची असती, तर तीन वेळा जाऊनही मला हे कळले नसते. 'स्वच्छ' ठरलेल्या तपासणीनंतर वर्षभरातच कर्करोग सापडतो, तेव्हा तो बहुधा त्या तपासणीतच नजरेतून सुटलेला असतो, असे डॉक्टरांनी सांगितले. ते मला अजून आठवते, आणि म्हणून तपासण्यांच्या संख्येपेक्षा त्या कशा झाल्या याकडे मी आता जास्त लक्ष देतो.

आठ तुकडे म्हणजे तरीही पूर्ण पट्ट्याचा लहानसाच भाग, ही मर्यादा त्यांनी लपवली नाही. त्यामुळे घास छातीत अडकू लागला, कारण नसताना वजन उतरू लागले, शौचास काळे डांबरासारखे झाले किंवा उलटीत रक्त आले, तर 2027 ची वाट न पाहता यायचे. जळजळ वाढली किंवा कमी झाली, तर मात्र त्यावरून तारीख पुढे-मागे करायची नाही. गोळी आता रोज एकदा, सकाळच्या नाश्त्याआधी, कायम. तपासण्या किती वर्षे, या बसमधल्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले: पंचाहत्तरीच्या आसपास, आजार सापडला तर उपचार सोसण्याइतकी प्रकृती आहे का हे पाहून, थांबायचे की नाही ते मिळून ठरवायचे.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मराठीत लिहून ठेवले आहे: घड्यांचे टोक 38, घेर 37 पर्यंत, जीभ 34 पर्यंत, पडदा 40, तुकडे 37 आणि 35 वर. त्याखाली दोन्ही अहवालांच्या प्रती आणि छायाचित्रे. तीन वर्षांनी दुर्बीण धरणारा हात दुसरा असला, तरी तो याच खुणांपासून मोजू शकेल.

निघताना डॉक्टरांनी भावंडांची चौकशी केली होती. माझा धाकटा भाऊ चिकोडीला असतो. वय सत्तावन्न, वीस वर्षे विडी ओढलेली, आणि पित्त माझ्याइतकेच जुने. पुरुष, पन्नाशी ओलांडलेली, धूम्रपान, सख्ख्या भावाला बॅरेट, आणि त्यात वर्षानुवर्षांची जळजळ. एवढ्यावर त्याची एकदा तपासणी व्हायलाच हवी, असे ते म्हणाले. दिवाळीनंतर मी त्याला घेऊन गेलो. त्याच्या अन्ननलिकेत दोन रंगांची सीमा किंचित वाकडीतिकडी होती, लाल अस्तर वर चढलेले अर्धा सेंटिमीटरही नव्हते, सूज नव्हती. डॉक्टरांनी तिथून तुकडा घेतला नाही. "एक सेंटिमीटरच्या आतल्या वाकड्या सीमेतून तुकडा घेतला, तर कदाचित मेटाप्लेझिया हा शब्द कागदावर येईल," ते भावाला म्हणाले, "आणि तुम्ही विनाकारण तो घेऊन घरी जाल." त्याला विडी सोडण्याचा सल्ला मिळाला, जेवणाआधीच्या गोळीची चिठ्ठी मिळाली, आणि त्याच्या कागदावर पुढच्या दुर्बिणीची तारीख लिहिलेली नव्हती.